शेवटच्या घराचा भोंगा

माझ्या आईला ऐकू येईनासं झालं तेव्हा आम्ही भावंडं तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल बोलायचो. भाजीत मीठ किती पडलंय, यंदा तिला कुणाकडे ठेवायचं, असलं काहीही. ती आमच्या तोंडाकडे बघत हसायची. पाहुणे आले की आम्ही तिच्या कानाशी ओरडायचो आणि पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावायचो. यात मी सगळ्यांच्या पुढे, कारण घरात तोंडाळ म्हणून माझीच ख्याती होती. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर आपल्यालाही ऐकू येत नाही की काय, अशी शंका आली तेव्हा मला भीती नाही वाटली. लाज वाटली. जणू अंगावरचा पदर भर चौकात सुटला होता आणि तो कुणी बघायच्या आत सावरायचा होता.

ही शंका आली ती गल्लीतल्या भोंग्यामुळे.

आमची गल्ली गारखेड्यात. एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला ओळीनं नऊ घरं, आणि नववं, शेवटचं, आमचं. नळाला पाणी रोज येत नाही हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. येईल त्या दिवशी कधी येईल याचाही भरवसा नसतो. सकाळी येतं, भरदुपारी येतं. सगळ्या गल्लीला एकच पाइप, म्हणून पहिल्या घरात धो धो येतं आणि आमच्याकडे येईस्तोवर त्याची करंगळी झालेली असते. वरच्यांनी मोटारी लावल्या की तीही जाते. शेवटच्या घरानं पहिल्या पाच-दहा मिनिटांतच नळी लावली पाहिजे, नाहीतर मग हंडा घेऊन दारोदार.

आमचे हे वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहेत. तिथं मनगटाएवढ्या केबली ओढायच्या, मोठमोठ्या मोटारींचे पॅनल सांभाळायचे, असलं काम. गल्लीनं गळ घातली, की साहेब, पाणी आलं की सगळ्यांना कळेल असं काही करा. यांनी मनावर घेतलं. पहिल्या घरात निवृत्त कंडक्टर काका राहतात. त्यांच्या नळाखाली एक बादली ठेवली आणि तिच्यात तरंगणारा स्विच बसवला. नळ कायम उघडा. पाणी आलं, बादलीत चढलं, की स्विच लागतो आणि काकांच्या ओट्यावर बसवलेल्या पॉवर सप्लायच्या डबीतून गल्लीभर बारा व्होल्ट जातात. प्रत्येक घरात एक छोटा प्लॅस्टिकचा भोंगा, दुकानाच्या शटरला चोरासाठी लावतात तसला. भोंग्याखाली बटण. पाणी आल्याचं कळलं की ज्यानं त्यानं आपला भोंगा बंद करायचा.

"घरातल्या लाइनीवरच का नाय करत?" काकांनी विचारलं होतं.

"भिंतीवरनं उघडी वायर जाणार, पाऊस लागणार, पोरं हात लावणार," हे म्हणाले. "बारा व्होल्ट म्हणजे खेळणं हो काका. शॉकसुद्धा लागत नाय."

ते खेळणंच समजले, म्हणूनच घरात पडून असलेलं बारीक वायरीचं भेंडोळं काढलं. अर्ध्या एमएमची दोन पदरी वायर. गल्ली साठ मीटर लांब, वायर पुरून उरली. काकांच्या ओट्यापासून निघून ती घराघराच्या भिंतीवरून आमच्या दारापर्यंत आली आणि वाटेत प्रत्येकानं तिलाच आपला भोंगा जोडून घेतला. एकेक घर जोडलं की हे बटण दाबून बघायचे. भोंगा असा किंचाळायचा की कबुतरं उडायची. मग पुढचं घर. आमचा सगळ्यांत शेवटी जोडला, तोही किंचाळला. उद्घाटनाला काकांच्या ओट्यासमोर नारळ फोडला, सगळ्यांनी आपापली बटणं चालू करून ठेवली आणि काकांनी बादलीत तांब्याभर पाणी ओतलं. एकच कल्लोळ झाला. गल्ली झाडून सगळी पहिल्या घरासमोर उभी होती. आमच्या बंद घरात आमचा भोंगा काय करत होता हे बघायला तिथं कुणीच नव्हतं.

पुढच्या खेपेला पाणी आलं आणि मला कळलंच नाही.

मी मागच्या बाजूला भांडी घासत होते. शेजारच्या, म्हणजे आठव्या घरातल्या भाभींनी फाटक वाजवलं. "दीदी, सो गये क्या? कवाचा भोंगा वाजतोय!" मी हात पुसत बाहेरच्या खोलीत आले तर खरंच, आमचा भोंगा गळा काढून ओरडत होता. नळाला धार होती काडीएवढी. टाकीचा तळ ओला झाला आणि पाणी गेलं.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. हे ड्यूटीवर, मी घरात एकटी. मला काही ऐकू यायचं नाही. कुणीतरी हाक मारायचं किंवा माझं मलाच कधीतरी जाणवायचं, आणि बघावं तर भोंगा जोरात चालू. काका गल्लीच्या तोंडाशी बसून मोठ्यानं म्हणायचे, "वहिनींना काय बॉम्ब लावावा लागतोय वाटतं!" सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि वर उलट टोला हाणायचे, की काका, तुम्ही एसटीत घंटी वाजवली तरी ड्रायव्हर थांबत नव्हता म्हणे. टोला हाणून घरात आले की दार लावून घ्यायचे.

मग हंडा घेऊन भाभींकडे जायचं. भाभी देतात हो, कधी तोंड वाकडं नाही केलं. पण पाणी मागायला जाणाऱ्या बाईचं तोंड कसं असतं ते मला आता माहीत आहे. ती आधी दारात उभी राहून इकडचं तिकडचं बोलते. पोरीचं कॉलेज कसं चाललंय विचारते. हंडा पदराआड धरते, जसा काही तो दिसतच नाही.

मी घरात गुपचूप परीक्षा घ्यायला लागले. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात का? येतात. मोबाइल आतल्या खोलीत ठेवून भाभींना मिस्ड कॉल द्यायला लावायचा. कधी यायचा ऐकू, कधी नाही. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कानाला लावायचं. टिकटिक यायची, पण मग वाटायचं ही पूर्वी लांबूनही यायची का? आठवेना. संध्याकाळी शिकवणीला चार-पाच लहान मुलं येतात. ती तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून मी त्यांना रागवायचे. आता रागवताना जीभ अडखळायला लागली. एकदा एक मुलगी पाढा म्हणत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसले आहे हे माझं मलाच कळलं. आई अशीच बघायची. मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुतलं.

शेवटी नवऱ्याला सांगितलं, पण खरं नाही सांगितलं. म्हटलं, "तुमचा भोंगा नीट वाजत नाय."

त्यांनी रविवारी मीटर काढला. गल्लीला उगाच त्रास नको म्हणून आधी सगळ्यांना बटणं बंद करायला सांगितली, मग काकांना सप्लाय द्यायला लावला. आमच्या वायरीच्या टोकाला मीटर लावला तर बरोबर बारा. भोंगा जोडला तर किंचाळला. मी खालीच उभी होते, मलाही चांगला ऐकू आला.

"वाजतोय की," हे म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं. अर्ध्या क्षणाचं बघणं होतं, पण मी ते ओळखलं. असंच मी आईकडे बघायचे.

"मग असेल माझंच काहीतरी, कामाच्या नादात," मी म्हटलं आणि तडक स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी भांडी अशी आपटली की शेजारी कळावं, या बाईला आपल्या भांड्यांचा आवाज तरी येतोय.

त्यानंतर मी पाण्याच्या दिवसाच्या आसपास बाहेरच्या खोलीतून हलेनाशी झाले. भाजी तिथं निवडायची, कपड्यांच्या घड्या तिथं घालायच्या. भोंग्याखाली खुर्ची. एका दुपारी अशीच बसले होते. यांची दुसरी पाळी होती, आतल्या खोलीत डबा भरत होते. खिडकीतून दिसलं, की भाभी नळी घेऊन लगबगीनं अंगणात आल्या. वरच्या घरांचे भोंगेही ऐकू यायला लागले. माझ्या डोक्यावरचा मात्र गप्प. मी खुर्चीवर चढले. त्यातून बारीक चिर्र, चिर्र असा आवाज येत होता, मरायला टेकलेल्या रातकिड्यासारखा. हात लावला तर जेमतेम थरथरत होता.

"अहो!" मी अशी ओरडले की ते पोळी हातात घेऊनच धावत आले. "हे बघा! हे ऐका! वाजतोय का हा? सांगा, वाजतोय का?"

त्यांनी कान लावला. मग मीटर आणला आणि भोंग्याच्या दोन टोकांना लावला. साडेसहा. बारा नाही, साडेसहा. आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात गल्लीत वरच्या बाजूला कुणीतरी आपला भोंगा बंद केला असावा. आकडा सातवर गेला. आणखी कुणी केला, साडेसात. एकेक घर गप्प होत गेलं तसतसा आकडा चढत गेला, नऊ, दहा, आणि आमच्या चिरचिरणाऱ्या भोंग्याला कंठ फुटत गेला. भाभींनी त्यांचा बंद केला तेव्हा तो पावणेअकरा व्होल्टवर ठणाणा करत होता. म्हणजे अख्खी गल्ली उठून, नळ्या लावून, बटणं दाबून मोकळी झाली की मग आमचा बोलायला लागायचा. आणि नेमक्या तेव्हाच भाभी येऊन म्हणायच्या, कवाचा वाजतोय!

यांचा चेहरा उतरला. "ड्रॉप," एवढंच म्हणाले.

"म्हणजे?"

"वायर बारीक पडली. साठ मीटर जायचं, साठ मीटर यायचं, दोन्ही पदर मोजायला पाहिजे होते. एकट्या आपल्या भोंग्याचा करंट असला तर वाटेत एक-सव्वा व्होल्ट खपतो, कळत नाय. पण सगळे एकदम चालू झाले की सगळ्यांचा करंट एकाच वायरीतनं जातोय. पाच-साडेपाच व्होल्ट वायरच खाऊन टाकतीय."

"तुम्ही तर बारा बघितले होते!"

"भोंगा जोडायच्या आधी बघितले. करंटच नव्हता तर ड्रॉप कुठून येणार? आणि वाजवला तो एकटाच वाजवला." ते खुर्चीवर बसले. "कंपनीत दोनशे तीसमधले पाच गेले तर बल्बलासुद्धा पत्ता लागत नाय. बारातले पाच म्हणजे निम्मं गेलं जवळपास. माझ्या डोक्यातच आलं नाय. बारा व्होल्टला काय, म्हटलं."

मला ते पुरतं समजलं, कारण आमच्या गल्लीचा नळ तरी दुसरं काय करतो? पाइप बारीक, वाटेत आठ घरं ओढणारी, शेवटच्याला ठिबक. आठही घरांनी नळ बंद केले तर आमच्याकडेही धार लागते. हे सगळं कळत होतं, पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. मी बहिरी नाही! पाण्याचं भान राहिलं नाही, त्या दिवशीही टाकी भरली नाही, पण मी दारात जाऊन उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात भाभींना सांगितलं, "भाभी, माझे कान ठणठणीत आहेत. यांची वायर बोगस आहे!"

मला माहीत होतं की हे मागे उभे आहेत. तरी बोलले. इतके आठवडे जे गिळलं होतं ते सगळं त्या एका वाक्यात बाहेर काढलं आणि मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गल्लीनं मग यांना धरलं. काका म्हणाले, "काय राव, कंपनीत असंच करता काय? लई भारी!" कुणी म्हणालं, डबी मोठी बसवा, जास्त अँपिअरची. हे शांतपणे सांगत होते, की डबीत कमी नाही, डबीपाशी जाऊन मोजलं, तिथं बारा आहेत, वाटेत जातायत. काका म्हणाले, मग पंधरा व्होल्टची लावा की, वाटेत गेले तरी उरतील. "मग तुमचा भोंगा पंधरानं जळून जाईल काका, तुमच्यापासून सुरुवात होते," हे म्हणाले. सगळे हसले. हेही हसले, पण मान खाली घालून. तीस वर्षं विजेच्या कामात काढलेला माणूस खेळण्यातल्या वायरीवर फसला होता. मी ओट्यावर उभी राहून ते बघत होते आणि मला मजा वाटत होती.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी अडीच एमएमची वायर आणली. पाचपट जाड. जाडी पाचपट झाली की वाटेतली खाद पाचव्या हिश्श्यावर येते, पाच व्होल्टच्या जागी एक जातो, हे त्यांनी मला दोनदा समजावलं, जसं काही मी परीक्षा घेणार होते. भर उन्हात शिडी खांद्यावर टाकून एकेक घराची भिंत केली. जुनी वायर सोडवली, नवी बसवली. कुणाची मदत घेतली नाही. या खेपेला सगळ्यांना विनवून सगळे भोंगे एकदम चालू करायला लावले आणि स्वतः मीटर घेऊन आमच्या घरात उभे राहिले. अकराच्या जवळ आकडा आला. भोंगा असा कोकलला की मी कानावर हात ठेवले. भाभींनी टाळ्या वाजवल्या.

"झालं समाधान?" त्यांनी मला विचारलं.

"झालं," मी म्हटलं. इतकी शांत झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

पुढचं पाणी सकाळी आलं. यांची सुट्टी होती, ते न्हाणीघरात दाढी करत होते, दार लावून, नळ सोडून. मी मागच्या मोरीत कपडे खळबळत होते. भोंग्याखाली बसायची आता गरज नव्हती. मी आरामात होते. एखादं गाणंही गुणगुणत असेन.

नवरा माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी वर बघितलं. अर्ध्या तोंडाला साबण तसाच. त्यांचे ओठ हलत होते, "अगं" म्हणत होते बहुतेक, आणि बराच वेळ म्हणत असावेत. मी उठले. त्यांच्या मागोमाग घरात आले. मधल्या खोलीत आले तेव्हा मला काहीतरी बारीक ऐकू यायला लागलं. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्या आवाजानं कान फाटले. भोंगा पूर्ण ताकदीनं चालू होता. आणि यांना तो बंद दारातून, वाहत्या नळाच्या आवाजातून ऐकू आला होता.

त्यांनी बटण दाबलं. खोली शांत झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि या वेळी अर्ध्या क्षणाचं नाही बघितलं. मी नजर काढून घेतली. जमिनीवर माझ्या ओल्या पायांचे ठसे उमटले होते, त्यांकडे बघत राहिले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की उंच पट्टीच्या, किरकिऱ्या आवाजाचं ऐकणं आधी कमी होतं, बोलणं, कुकर, भांडी बराच काळ ऐकू येतात, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पण ते नंतर. त्या वेळी मला एवढंच कळलं होतं की वायर बारीक होती हे खरं, आणि हेही खरं. दोन्ही एकदम खरं होतं, आणि मी एकाच्या आड दुसरं लपवून गल्लीभर नाचले होते.

फाटक वाजलं. भाभी होत्या, हातात नळी. "दीदी दिसल्या नाय म्हणून आले. आज भी नहीं बजा क्या?" त्यांच्या मागे काका रेंगाळत होते, काय मजा आहे ते बघायला.

मी काही बोलायच्या आत हे पुढे झाले. "नाय वाजला भाभी," ते म्हणाले. "अजून ड्रॉप येतोय. माझंच चुकलं, आणखी जाड घ्यायला पाहिजे होती."

"अरे राव!" काकांना उकळ्या फुटल्या. "आता काय विजेच्या खांबावरची तार आणता का? साहेब, तुमच्याच्यानं नाय होत, एखादा मेकॅनिक बघा!"

"बघावा लागेल," हे म्हणाले. स्टूल ओढलं, वर चढले आणि स्क्रू ड्रायव्हरनं भोंगा सोडवायला लागले. धडधाकट वाजणारा भोंगा. गालावर साबण वाळत चालला होता. ते मोठ्यानं बोलत होते, नेहमीपेक्षा खूप मोठ्यानं. जॉइंट सैल असेल, सांध्यात गंज असेल, पुन्हा सगळी लाइन बघतो. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. मला ऐकू यावा म्हणूनच ते तसं बोलत होते.

मी तशीच उभी होते. एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं. ते सगळं अंगावर घेऊन मोकळे झाले होते. सगळी गल्ली त्यांना हसेल, पुढच्या रविवारी पुन्हा शिडी खांद्यावर टाकून ते खोटं खोटं दुरुस्त करत फिरतील, आणि माझे कान ठणठणीतच राहतील. लाजेनं मला घाम फुटला. माझ्या आईसाठी आमच्यापैकी कुणी, कधी, असं खोटं बोललं नव्हतं.

"वायर चांगलीय भाभी," मी म्हटलं. "भोंगा वाजला होता. मलाच ऐकू येत नाही."

काका नळीकडे बघायला लागले. भाभी म्हणाल्या, "मग आधी नाय का बोलायचं? मी भिंतीवरून येऊन हात धरून उठवते तुमाला. हटा, पहिले नळी लावा, पाणी चाललंय." आणि त्या माझ्या अंगणात शिरून स्वतःच माझी नळी नळाला लावायला लागल्या.

हे स्टुलावरून उतरले नव्हते. हातात भोंग्याचे दोन स्क्रू होते. ते माझ्याकडे पाठ करून भिंतीशी काहीतरी हळू आवाजात बोलले. आजवर मी अशा वेळी मान हलवायचे, किंवा हं म्हणायचे, किंवा हसायचे.

"काय म्हणालात?" मी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

ते वळले, आणि माझ्या समोर तोंड करून पुन्हा बोलले.